‘फी किती?’च्या पुढचं चौकशीपत्र

भाषावर्गाला पाठवलेलं चौकशीपत्र बहुतेकदा एका ओळीत संपतं : ‘कृपया फी व बॅचच्या वेळा कळवाव्यात.’ उत्तरादाखल छापील माहितीपत्रक येतं आणि आपल्याला हवं तेवढंच नेमकं त्यात नसतं. संस्थेनं नेमकं उत्तर द्यावं असं वाटत असेल, तर आपली अडचण आधी पत्रात यायला हवी.

नाशिकची एक परिचारिका घेऊ. जर्मनीत परिचारिका म्हणून काम करायला साधारणपणे बी२ पातळीपर्यंतचं जर्मन लागतं. सुरुवात ए१ पासून होते. तिची ड्यूटी दर आठवड्याला बदलते. तिचं पत्र असं असावं :

दिनांक : ५ मे २०२५

प्रति,
मा. संचालक,
(संस्थेचे नाव व पत्ता)

विषय : जर्मन ए१ वर्गाचे शुल्क व वेळांबाबत चौकशी

महोदय,

मी नाशिक येथे परिचारिका असून जर्मन भाषेची मला काहीच ओळख नाही. जूनपासून ए१ वर्गास प्रवेश घेण्याची इच्छा आहे. माझी ड्यूटी आठवड्याला बदलते. त्यामुळे एका आठवड्यात सकाळच्या व पुढच्या आठवड्यात सायंकाळच्या बॅचला बसता येईल का? तसे शक्य नसल्यास शनिवार-रविवारची बॅच आहे का?

अभ्यासक्रम एकूण किती तासांचा आहे व एक तास किती मिनिटांचा धरला जातो? शुल्कात पुस्तके, कर व परीक्षा शुल्क धरले आहे का? हप्त्यांची सोय आहे का? पुरेसे विद्यार्थी न आल्याने बॅच सुरू न झाल्यास शुल्क परत मिळते का?

कृपया ई-मेलने कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(नाव, पत्ता, ई-मेल)

यातला मिनिटांचा प्रश्न वाचताना किरकोळ वाटेल, पण मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. जर्मनच्या वर्गांत शिकवण्याचा एक तास पुष्कळदा ४५ मिनिटांचा असतो. म्हणजे ‘८० तासांचा कोर्स’ घड्याळानं ६० तासांतच संपतो. एक संस्था घड्याळी तास मोजते आणि दुसरी ४५ मिनिटांचे, तर दोघींच्या फीची तुलना करण्यात अर्थ नाही. आधी दोन्ही आकडे घड्याळी तासांत आणावेत, मग फीला त्यांनी भागावं.

परीक्षा शुल्काचंही तसंच. वर्ग एका संस्थेचा आणि प्रमाणपत्राची परीक्षा दुसरीची, असं सर्रास असतं. तेव्हा स्वस्त वाटलेल्या वर्गाचा खर्च शेवटी वाढतो.

हेच पत्र शाळेच्या परीक्षेत लिहायचं असेल, तर प्रश्नात दिलेलं नाव-पत्ताच वापरावा, स्वतःचा नाही. प्रत्यक्षात पाठवलं आणि उत्तर फोनवर आलं, तर निदान फी परत करण्याची अट तरी ई-मेलवर लेखी मागून घ्यावी आणि मगच पहिला हप्ता भरावा.