स्नेह की सलगी? (लेखांक सहावा)

मागील लेखांकात प्रथम परिचयातील देहबोलीचा विचार झाला. तिचाच पुढचा आणि अधिक अडचणीचा भाग असा की, साधा स्नेह आणि ज्याला बोलीत फ्लर्टिंग म्हणतात ती प्रणयसूचक सलगी यांची बाह्य लक्षणे जवळजवळ सारखीच असतात; नजर मिळवणे, हसणे, पुढे झुकून ऐकणे आणि विनोदाला दाद देणे या गोष्टी दोन्हीकडे आढळतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याने नखऱ्यावरील निबंधात त्याचे मर्म होकार आणि नकार एकाच वेळी सुचवण्यात असल्याचे मांडले होते. या दृष्टीने संदिग्धता हा सलगीतला दोष नसून तिचे साधनच ठरते, कारण प्रतिसाद मिळाला नाही तर 'सहज बोललो' असे म्हणून मान राखून मागे फिरता येते.

या संदिग्धतेचा प्रायोगिक अभ्यास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अँटोनिया ॲबी यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केला. एक अनोळखी तरुण व तरुणी पाच मिनिटे बोलत आणि दुसरी जोडी लपून ते पाहत असे. पुरुषांना त्या तरुणीच्या वागण्यात स्त्रियांपेक्षा अधिक लैंगिक सूचन दिसले. मात्र बोलणाऱ्या तरुणाकडेही पुरुषांनी स्त्रियांपेक्षा अधिक त्याच नजरेने पाहिले होते, ही बाब सहसा सांगितली जात नाही, आणि मग 'पुरुष प्रत्येक हसण्याचा भलताच अर्थ लावतात' एवढाच निष्कर्ष लोकांच्या तोंडी राहतो.

हा निष्कर्ष अपुरा का, हे समजण्यासाठी संकेत-शोधन सिद्धांत उपयोगी पडतो. रडारच्या पडद्यावरील ठिपका विमानाचा की पक्ष्यांच्या थव्याचा, हे ठरवताना निरीक्षकाची चूक दोन कारणांनी होऊ शकते: एक तर त्याला दोहोंतला फरक नीट दिसत नाही, किंवा फरक दिसूनही तो संशय येताच 'विमान' म्हणण्याच्या बाजूला झुकलेला असतो. पहिली उणीव संवेदनक्षमतेची, दुसरी कलाची. कोरीन फॅरिस व सहकाऱ्यांनी 2008 मध्ये स्त्रियांची छायाचित्रे दाखवून हीच विभागणी तपासली, तेव्हा पुरुष स्नेहाला आकर्षण समजत होतेच, पण आकर्षणालाही स्नेह समजत होते. इतकेच नव्हे, तर दुःखी आणि झिडकारणारा चेहरा यांतही त्यांची गल्लत स्त्रियांपेक्षा अधिक होत होती. म्हणजे दोष केवळ मनातल्या इच्छेचा नव्हता, वाचनाचाच होता.

स्त्रियांचे वाचनही निर्दोष नाही. जेफ्री हॉल व सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनोळखी तरुण-तरुणींच्या जोड्या सुमारे दहा मिनिटे बोलल्या, आणि नंतर प्रत्येकाने स्वतः सलगी केली का व समोरच्याने केली असे वाटले का, हे वेगवेगळे नोंदवले. सलगी नव्हती तिथे 80 टक्क्यांहून अधिक वेळा अंदाज बरोबर आला; ती होती तिथे मात्र पुरुषांना ती 36 टक्के वेळाच ओळखता आली आणि स्त्रियांना 18 टक्के वेळा.

आता समजा, शंभर संभाषणांपैकी केवळ दहांमध्ये खरोखर सलगी आहे. पुरुषांच्या वरील प्रमाणाने त्यांपैकी सुमारे चार ओळखली जातील. उरलेल्या नव्वदांत अंदाज 80 टक्के वेळा बरोबर धरला, तरी अठरा ठिकाणी 'आहे' असे चुकून वाटेल. एकूण बावीस वेळा खात्री वाटली, आणि ती चारच वेळा खरी निघाली! सलगी मुळात विरळ असल्यामुळे बऱ्यापैकी नजर असलेलाही माणूस 'हो' म्हणताना बहुधा चुकतो.

म्हणून एकट्या हास्यापेक्षा वर्तनातील निवडकपणा अधिक बोलका असतो. कार्यालयातील एखादी बाई डबा उघडून शेजारच्या सहकाऱ्याला 'तुम्हाला आवडतं म्हणून थालीपीठ जास्त आणलं' असे म्हणते, तेव्हा त्या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. टेबलावरच्या चौघांनाही ती असेच आग्रहाने वाढत असेल, तर तो तिचा स्वभाव. याउलट तो आग्रह एकट्यालाच होत असेल, इतरांशी 'अहो-जाहो' कायम असताना त्याच्याशीच हळूहळू 'अरे-तुरे' सुरू झाले असेल, आणि त्याने विषय बदलल्यावरही ती पुन्हा तिथेच येत असेल, तर शक्यता वाढते. पण 'अरे-तुरे'चे वजनही जागेनुसार बदलते. महाविद्यालयाच्या कट्ट्यावर ते पहिल्याच दिवशी सुरू होते आणि त्यात काहीच नसते, तर जुन्या सरकारी कचेरीत वीस वर्षांनंतरही ते होत नाही. शिवाय वरील प्रयोग अमेरिकी विद्यार्थ्यांवर, बहुतांशी अनोळखी व्यक्तींच्या संदर्भात झाले, तर डब्याच्या टेबलावरची माणसे एकमेकांना वर्षानुवर्षे पाहत असतात. तिथे तुलनेसाठी जुने वागणे हाताशी असते, आणि 36 किंवा 18 हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.