भाऊबीजेनंतर उरलेली चकली

दिवाळीच्या फराळाचा धंदा वर्षभराचा असला, तरी त्याचा खरा हिशेब तीन आठवड्यांत होतो. लक्ष्मीपूजनाआधी दुप्पट भावानेही संपणारी चकली भाऊबीजेनंतर कोणी विचारत नाही. त्यामुळे घरगुती फराळ करणाऱ्या गटापुढे प्रश्न असतो तो किती करायचे आणि तेवढे करायला पैसा कुठून आणायचा, हा.

पहिली चूक कॅलेंडरमुळे होते. गेल्या ऑक्टोबरची विक्री पाहून या ऑक्टोबरचा अंदाज बांधला, तर तो हमखास चुकतो. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होते. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते 8 नोव्हेंबरला येते. म्हणून जुनी वही तारखेने न वाचता तिथीने वाचावी. वसुबारसेच्या आधी तीन आठवडे, दोन आठवडे, एक आठवडा किती मागणी होती, हे शेजारी शेजारी मांडले की ओघ स्पष्ट दिसतो.

आता किती करायचे ते पाहू. समजा, चकलीचा किलोमागे खर्च 300 रुपये आणि भाव 500 रुपये आहे. उरली तर ती सणानंतर 200 रुपयांना जाते. म्हणजे माल कमी पडला तर किलोमागे 200 रुपयांचा नफा हुकतो, उरला तर 100 रुपयांचे नुकसान होते. कमी पडणे दुप्पट महाग असल्याने, तीन वर्षांपैकी दोन वर्षे पुरला असता एवढा माल करावा. तीन दिवाळ्यांत मागणी 90, 110 आणि 130 किलो असेल, तर 110 किलो.

साजूक तुपातल्या बेसन लाडवाचे गणित उलटे. खर्च 520, भाव 640 आणि उरल्यावर मिळतात जेमतेम 300. इथे हुकलेला नफा 120, तर उरल्याचा तोटा 220 रुपये. मागणी 40, 50 आणि 60 किलो असेल, तर 40 किलोच वळावेत आणि पुढचे ऑर्डर आल्यावर. सगळे जिन्नस सरसकट वीस टक्के वाढवणारे लोक नेमके महागड्या जिन्नसात अडकतात.

पण जाणत्या बायकांनी या कोंडीतून फार पूर्वीच वाट काढली आहे. चकली लवकर मऊ पडते आणि जुनी झाली की खवट लागते, पण कोरडी ठेवलेली भाजणी टिकते. अनारशाचेही तसेच. तांदूळ तीन दिवस भिजवून, कुटून, गूळ घालून केलेले पीठ आधी करून ठेवता येते आणि तळण नंतर करता येते. पैसा आणि मेहनत अर्ध्या तयार मालात गुंतवायची आणि घाणा ऑर्डर पाहून काढायचा. उरलेली भाजणी पुढेही विकली जाते. उरलेली चकली तशी जात नाही.

तेलाचे मात्र वेगळे. 14 सप्टेंबर 2024 रोजी केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे एकूण आयात शुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर नेले. दिवाळी दीड महिन्यावर होती. ज्यांनी त्याआधी दरपत्रक वाटून ऑर्डर घेतल्या होत्या, पण तेल घेतले नव्हते, त्यांच्या नफ्याला तिथेच कात्री लागली. दरपत्रक छापले की निदान त्या ऑर्डरींपुरते तेल त्याच आठवड्यात घ्यावे.

पैशाचे कोडे याहून अवघड आहे. समजा, एका गटाची अपेक्षित विक्री 4 लाखांची आहे. त्यातली 1 लाख 60 हजारांची विक्री कर्मचाऱ्यांना डबे वाटणाऱ्या कंपनीला, बाकी घरोघरी. खर्च 3 लाखांचा: सामान 1 लाख 80 हजार, तळणाऱ्या बायकांची मजुरी 70 हजार, डबे आणि गॅस 50 हजार. छापील डब्यांचे पैसे सर्वांत आधी जातात, मजुरी दर आठवड्याला. आता सगळा माल विकला गेला आणि घरगुती गिऱ्हाइकांनी चोख पैसे दिले, तरी भाऊबीजेला हातात आलेले असतात 2 लाख 40 हजार. वहीत 1 लाखाचा नफा दिसतो, पण गल्ल्यात 60 हजारांचा खड्डा असतो, कारण कंपनीचे बिल अजून यायचे असते. हा खड्डा सावकारी व्याजाने भरला, तर नफ्याचा मोठा तुकडा तिथेच जातो.

उपाय ऑर्डर घेतानाच करावा लागतो. कंपनीकडून निम्मी रक्कम आगाऊ घेतली, तर वरच्या उदाहरणात 80 हजार आधी येतात आणि खड्डा बुजून 20 हजार उरतात. उरलेल्या रकमेची तारीख ऑर्डरवर लिहून घ्यावी. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत देण्याचे बंधन कायद्याने खरेदीदारावर आहे. नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला शुल्क लागत नाही. फराळाच्या गटांनी ती पहिली ऑर्डर घेण्याआधीच करून टाकावी.