घाटातली ड्युटी आणि बीपीची गोळी

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला जायचे, रात्री मुक्काम करायचा आणि सकाळची गाडी घेऊन परत यायचे, अशी ड्युटी करणारा ४६ वर्षांचा एक एसटी चालक. आगारातल्या आरोग्य तपासणीत त्याचा रक्तदाब १६८/१०४ निघाला. हा चालक कल्पित आहे, पण त्याच्यापुढचा पेच कोणत्याही आगारात ऐकायला मिळेल. त्याला डोकेदुखी नव्हती, चक्कर नव्हती. डॉक्टरांनी पुन्हा यायला सांगितले, तेव्हा त्याने मनाशी हिशेब मांडला. गोळी सुरू झाली की आजारी ठरणार, आजारी ठरलो की अनफिट होणार, आणि स्टिअरिंग हातातून गेले की ओव्हरटाइमही गेला. शिवाय घाटात चक्कर आली तर मागे बसलेल्या पन्नास माणसांचे काय?

या हिशेबातली पहिली अडचण त्या आकड्यापासूनच सुरू होते. चालक नुकताच घाट उतरून आला होता. चहा झाला होता, तंबाखूचा बार दाढेखाली होता आणि वाटेत गाडी थांबवता न आल्याने लघवी तुंबलेली होती. या चारही गोष्टींनी रक्तदाब तात्पुरता चढतो. नीट मोजायचे तर आधी लघवीला जाऊन यावे, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यावा. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीला ठेवावा आणि मोजताना बोलू नये. दंडाला बांधायचा पट्टा अरुंद असेल तर जाड दंडाच्या माणसाचा आकडा विनाकारण वाढलेला दिसतो. म्हणून एका मोजणीवर सहसा निदान होत नाही. वेगवेगळ्या दिवशी नीट मोजूनही आकडा १४०/९० किंवा त्याहून वर राहिला तर उच्च रक्तदाब मानतात. या चालकाचे पुढचे दोन आकडे १५४/९८ आणि १५६/९६ आले. पहिल्या दिवशीची चढ काही अंशी घाटाची आणि तंबाखूची होती, उरलेला आजार त्याचा स्वतःचा होता.

चालकाचे काम आणि हृदय यांचा संबंध जुन्या अभ्यासातला आहे. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त, तर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना कमी, असे तिच्यात आढळले. पुढे गणवेशांची मापे तपासल्यावर चालकांच्या कमरेचा घेरही वाहकांपेक्षा जास्त निघाला. त्यामुळे सगळा दोष बैठकीला देता येईना. पण आपल्या चालकासाठी अर्थ तोच राहतो: बैठक, वाढलेले पोट, तुटक झोप आणि मुक्कामाच्या ठिकाणचे खारट खाणे हे सगळे त्याच्या बाबतीत एकत्र आलेले आहे.

आता अनफिट होण्याची भीती. लायसन्ससाठी जो स्वयंघोषणेचा अर्ज भरावा लागतो, त्यात फेफरे, अचानक शुद्ध हरपणे आणि भोवळ यांबद्दल थेट प्रश्न आहे. रक्तदाबाचे नाव तिथे वेगळे घेतलेले नाही. ब्रिटनचा नियम जास्त स्पष्ट आहे. तिथे बस किंवा ट्रक चालवणाऱ्याचा विसावलेला रक्तदाब १८०/१०० च्या घरात गेला, म्हणजे वरचा आकडा १८० किंवा खालचा १०० झाला, तर त्याने आटोक्यात येईपर्यंत गाडी चालवायची नाही. गाडी थांबते ती बेलगाम आकड्यामुळे. नुसती गोळी चालू आहे म्हणून नव्हे. नोकरी वाचवण्यासाठी गोळी टाळणारा माणूस नेमका त्या आकड्याच्या दिशेने सरकत असतो.

चक्कर येण्याची शंका मात्र उडवून लावण्यासारखी नाही. महाराष्ट्रात सरकारी आरोग्य केंद्रांत बहुधा अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमने सुरुवात होते. ही गोळी रक्तवाहिन्या हळूहळू सैल करते, परिणाम एक-दोन आठवड्यांत पुरता येतो, म्हणून दाब एकदम कोसळण्याचा धोका कमी. तरी पहिली गोळी साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घेणे शहाणपणाचे. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे स्टिअरिंगपासून दूर असतानाच कळते.

गोळी सकाळी की रात्री, हा प्रश्नही शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना छळतो. ब्रिटनमधल्या २१ हजारांहून जास्त रुग्णांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही वेळांच्या परिणामांत फरक आढळला नाही. मग वेळ ड्युटीला सोयीची धरावी. या चालकाने रात्रीच्या जेवणाची वेळ धरली, कारण मुक्काम असो वा घर, जेवण चुकत नव्हते.

महिन्याने आकडा १४४/९२ झाला. डॉक्टरांनी दुसरी गोळी, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, जोडली आणि काही आठवड्यांनी मूत्रपिंडाची व रक्तातल्या पोटॅशियमची तपासणी सांगितली. संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसू लागली होती. अॅम्लोडिपिनने ती काहींना येते आणि तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्याने वाढते. सूज डॉक्टरांना सांगायची, गोळी आपणहून सोडायची नाही. चालकाला खरी धास्ती होती ती लघवीच्या गोळीची. क्लोरथॅलिडोन हे त्या जातीचे औषध गरज पडल्यास तिसऱ्या पायरीला देतात आणि सुरुवातीच्या दिवसांत लघवी वाढते. घाटातल्या गाडीवर ही खरी अडचण आहे, म्हणून ड्युटीची वेळ डॉक्टरांना आधीच सांगायला हवी. तहान मारून पाणीच न पिणे, हा चालकांचा जुना उपाय, उन्हाळ्यात या गोळीसोबत भोवळ आणतो.

तिसऱ्या महिन्यात आकडा १३२/८४ आला आणि चालकाने गोळ्या बंद केल्या. आठवडाभर काहीच जाणवले नाही, आणि फसगत इथेच होते. अॅम्लोडिपिन शरीरातून सावकाश उतरते. एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही, पण कायमची सोडली की दाब गुपचूप जुन्या जागी परततो. पुढच्या तपासणीत १५८/१०० निघाला.

त्यातही एक गुंता होता. खड्ड्यांनी धरलेल्या कंबरेसाठी तो औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक घेत होता. या जातीच्या वेदनाशामकांनी रक्तदाब वाढतो, बीपीच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो, आणि टेल्मिसार्टन व लघवीच्या गोळीसोबत ती घेतली तर मूत्रपिंडाला धोका असतो. डॉक्टरांनी ती थांबवून पॅरासिटामॉल आणि कंबरेचे व्यायाम दिले. बायकोकडून त्याच्या घोरण्याचीही चौकशी केली. झोपेत श्वास अडकत असेल तर रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही, आणि दिवसा डुलकी येते. चालकाच्या बाबतीत हा दुसरा भाग पहिल्याहून भयंकर.

दोन्ही गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. एक पट्टी घरी आणि एक मुक्कामाच्या पिशवीत, टूथपेस्टशेजारी. दोन महिन्यांनी नीट बसवून मोजलेला आकडा १२८/८२ होता. घाटाची ड्युटी चालू राहिली, फक्त एक गोष्ट ठरली: छातीत दाब, बोलताना जीभ अडखळणे, एका हातातली ताकद जाणे किंवा अचानक अंधारी, यांपैकी काहीही झाले तर वेळापत्रकाचा विचार न करता गाडी कडेला घेऊन हँडब्रेक ओढायचा आणि १०८ ला फोन करायला वाहकाला सांगायचे.