लॉगबुकातले तास आणि उस्तादाची खुर्ची
वैमानिकाचा बायोडाटा प्रशिक्षकाच्या जागेसाठी कसा लिहावा?

आमच्या वाचकांपैकी काहींनी दुकानाच्या कमाईतून, काहींनी जमीन विकून मुलाला वैमानिक केले आहे. व्यावसायिक लायसन्ससाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. एवढा खर्च होऊनही मोठ्या विमान कंपनीतील नोकरी लगेच मिळतेच असे नाही. मग मुलगा फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवण्याच्या जागेसाठी अर्ज करतो. गोंदियाजवळच्या बिरसीला किंवा उत्तर प्रदेशातील फुरसतगंजला अशी केंद्रे आहेत. परंतु तेथे पाठवलेला बायोडाटा बहुधा विमान कंपनीसाठी केलेलाच असतो, फक्त वरचा पत्ता बदललेला. त्यातील पहिल्या चार ओळी, म्हणजे सारांश, कसा बदलावा एवढ्यापुरतेच आम्ही येथे लिहीत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. व्यावसायिक लायसन्स हाती आले म्हणजे शिकवण्याचा अधिकार मिळाला असे नाही. त्यासाठी सहायक उड्डाण प्रशिक्षकाचे वेगळे रेटिंग घ्यावे लागते आणि ते मिळाल्यावरही पूर्ण प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकवावे लागते. म्हणून सारांशाच्या पहिल्याच ओळीत रेटिंगची स्थिती यावी. प्रशिक्षण पूर्ण असून चाचणी बाकी असेल तर तसेच लिहावे. मुख्य प्रशिक्षक सर्वप्रथम तेच शोधतो आणि ते सापडले नाही तर कागद बाजूला ठेवतो.

आता एक नमुना घेऊ. समजा, एका रेक्झिन व्यापाऱ्याचा मुलगा आहे. त्याचे एकूण तास ११२०. त्यातले ८१५ किंग एअर बी-२०० या दोन इंजिनांच्या चार्टर विमानावर, सहवैमानिक म्हणून. सेनेका या लहान दोन-इंजिनी विमानावर २० तास. उरलेले २८५ एका इंजिनाच्या विमानांवर, म्हणजे सेस्ना १५२ वर ६० आणि सेस्ना १७२ वर २२५. या २८५ पैकी स्वतः कमांडर म्हणून १४० तास. त्याने सारांश असा लिहिला होता: "११२० तासांचा अनुभवी, मेहनती वैमानिक. किंग एअर, सेनेका, सेस्ना यांचे रेटिंग. प्रशिक्षकाची जबाबदारी सांभाळण्यास उत्सुक."

यात खोटे काही नाही, पण शाळेच्या कामाचेही काही नाही. शाळेकडे किंग एअर नाही. तिच्याकडे सेस्ना १७२ आहे आणि शिकणारा पोरगा धावपट्टीभोवती चकरा मारत उतरायला शिकणार आहे. म्हणजे शाळेला ८१५ हा आकडा मोठा वाटत नाही, तिला २२५ हवे आहेत, आणि त्यातले अलीकडचे किती ते हवे आहे. सुदैवाने या मुलाने प्रशिक्षक रेटिंगसाठी गेल्या चार महिन्यांत सेस्ना १७२ वर २५ तास केले होते. सारांशात मात्र ते कोठेच नव्हते.

मग किंग एअरचे ८१५ तास वाया गेले काय? मुळीच नाही. सहवैमानिक उजव्या आसनावर बसतो, आणि प्रशिक्षकही उजव्याच आसनावर बसतो. शिकणारा डावीकडे. उजवीकडून धावपट्टी वेगळ्या कोनातून दिसते, मुख्य घड्याळे तिरपी वाचावी लागतात आणि हातही बदलतात: उजवा हात कंट्रोलवर, डावा थ्रॉटलवर. डावीकडे शिकलेल्या वैमानिकाला हे नव्याने सवयीचे करावे लागते. आपल्या उमेदवाराची ती सवय आधीच झालेली आहे. त्याच्या सुमारे सातशे उड्डाणांपैकी तीनशेच्या आसपास लँडिंग त्याने स्वतः उजवीकडून केली होती. तासांपेक्षा हा लँडिंगचा आकडा प्रशिक्षकाच्या जागेसाठी अधिक बोलका आहे. लांब उड्डाणाच्या दोन तासांत एकच लँडिंग होते, तर धावपट्टीभोवती फिरताना एका तासात सहा-सात होतात.

दुसरी गोष्ट, सहवैमानिकाचे निम्मे काम दुसऱ्यावर नजर ठेवण्याचे असते. वेग घटला, उतार जास्त झाला की तो मोठ्याने सांगतो. चूक लवकर ओळखून वेळेवर बोलणे हेच शिकवण्याचे अर्धे कसब आहे. तरी येथे हात आखडता घ्यावा. कसलेल्या कॅप्टनची चूक पाच नॉटची असते, नवख्याची वीस नॉटची, आणि कंट्रोल कधी हातात घ्यायचे हे सहवैमानिकाच्या तासांतून आपोआप येत नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत आवडली. किंग एअरची दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे डावे इंजिन बंद पडले तर विमान अधिक जोराने वळते. सेनेकाचे पंखे उलटसुलट फिरतात, म्हणून तेथे डावे इंजिन बंद पडले की उजवे, याने वळण्याच्या जोरात फरक पडत नाही. हा धडा पुस्तकातून पोरांच्या डोक्यात शिरत नाही. ज्याने दोन्ही विमाने चालवली तो स्वतःच्या हातापायांच्या अनुभवावरून सांगू शकतो. रेटिंगची नुसती यादी आणि शिकवण्याची ताकद यांत फरक आहे तो हाच.

सुधारलेला सारांश असा झाला: "व्यावसायिक वैमानिक, सहायक उड्डाण प्रशिक्षक रेटिंग प्राप्त. एकूण ११२० तास. एक-इंजिनी २८५ (सेस्ना १७२ वर २२५, पैकी २५ गेल्या चार महिन्यांत उजव्या आसनावरून), कमांडर म्हणून १४०. किंग एअरवर सहवैमानिक ८१५ तास, उजवीकडून सुमारे ३०० लँडिंग, काही नियंत्रण कक्ष नसलेल्या धावपट्ट्यांवर. सेनेका व किंग एअरच्या अनुभवावरून एक इंजिन बंद पडल्याचा पाठ समजावू शकतो." मेहनती, उत्सुक हे शब्द गेले. त्यांची जागा आकड्यांनी घेतली. अर्ज इंग्रजीत जातो, पण मांडणी हीच.

सिम्युलेटरचे तास या बेरजेत मिसळू नयेत, ते वेगळ्या ओळीत द्यावेत. आकडा लॉगबुकाशी शेवटच्या मिनिटापर्यंत जुळला पाहिजे. वैमानिकांत 'पार्कर पेनचे तास' असा चेष्टेचा शब्द आहे, म्हणजे हवेत न जाता शाईने उडवलेले तास. २०११ मध्ये आपल्या देशात बनावट गुणपत्रिका आणि खोट्या तासांची प्रकरणे बाहेर आली, अटकाही झाल्या. आता नोंदी डीजीसीएच्या ईजीसीए या संगणकीय पद्धतीतही असतात, तेव्हा पडताळा घेणे सोपे झाले आहे. माप पुरे द्यावे ही तर आपली शिकवणच आहे, आणि येथे मापात घट केली तर शिकणाऱ्याचा जीव जातो.

मुलाखतीत मुख्य प्रशिक्षक या सारांशावरूनच प्रश्न काढतो. मोठ्या विमानावरून आलेल्याला तो बहुधा विचारतो की सेस्ना १७२ कितीने उतरवशील. किंग एअर शंभरेक नॉटने येते, १७२ साधारण पासष्टने. वेगाची जुनी सवय घेऊन कोणी पंचाहत्तरने आला तर विमान धावपट्टीवर तरंगतच राहते. शिवाय किंग एअरमध्ये डोळा जमिनीपासून उंच असतो, म्हणून तेथून आलेला वैमानिक १७२ चे नाक लवकर उचलतो आणि विमान वरून आपटते. आपल्या उमेदवाराने त्या २५ तासांत ही सवय कशी मोडली ते दोन वाक्यांत सांगायची तयारी करून जावे, आणि सोबत लॉगबुकाची शेवटची पाने न्यावीत.