नऊ टॅबलेट, एक पेटी

समजा, रत्नागिरीजवळचा एक बागायतदार आपल्या हापूसच्या पेट्या स्वतःच्या वेबसाइटवरून विकतो. एप्रिल संपल्यावर तो गूगल ॲनालिटिक्स उघडतो. कोणत्या उपकरणावरून किती खरेदी झाली, ते तिथे दिसतं. मोबाइलवरून आलेल्यांपैकी ४ टक्के लोकांनी पेटी मागवली, डेस्कटॉपवरच्या सुमारे ६ टक्क्यांनी आणि टॅबलेटवरच्या तब्बल ११ टक्क्यांनी. पुढच्या हंगामात जाहिरातीचे पैसे टॅबलेटवाल्यांवरच लावावेत, असं त्याला वाटू लागलं तर नवल नाही.

आता टक्क्यांशेजारचा रकाना पाहू. महिन्याभरात ३१२ वापरकर्ते आले. मोबाइलवर २५१ जण आणि १० पेट्या, डेस्कटॉपवर ५२ जण आणि ३ पेट्या, टॅबलेटवर ९ जण आणि १ पेटी. म्हणजे ११ टक्के हा सगळा डोलारा एका पेटीवर उभा आहे. त्या एका गिऱ्हाइकाने ऐनवेळी बेत बदलला असता, तर तिथे शून्य दिसलं असतं. ती ऑर्डर कदाचित बागायतदाराच्या भाच्याने साइट नीट चालते का हे बघायला टाकलेली असेल. एवढ्या छोट्या साइटवर घरच्यांची ये-जा गाळली नाही, तर आकडे हमखास फुगतात.

उपकरणाने काहीच फरक पडत नाही, असं धरून पाहा. सगळे मिळून ३१२ जणांत १४ पेट्या, म्हणजे साधारण साडेचार टक्के. याच दराने कुठलेही ९ जण निवडले, तर त्यांत निदान एक खरेदीदार सापडण्याची शक्यता ३४ टक्के येते. टॅबलेटवाले इतरांसारखेच असले तरी तीनातल्या एका महिन्यात अहवाल असाच डोळे दिपवणार. शून्यालाही घाबरू नये. ३० जणांत एकही खरेदी झाली नाही, तरी खरा दर १० टक्क्यांपर्यंत असू शकतो. यासाठी संख्याशास्त्रात सोपा नियम आहे: तीनला माणसांच्या संख्येने भागा, ती वरची मर्यादा.

म्हणूनच टक्केवारीच्या क्रमाने तक्ता लावला की सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली बहुधा छोट्या संख्येच्या ओळी येतात. त्या ओळींतले लोक वेगळे असतात असं नाही. थोड्या माणसांत टक्के उड्या मारतात, इतकंच.

उपकरणाच्या ओळीचं नावही पूर्ण भरवशाचं नसतं. २०१९ मध्ये आलेल्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरचा सफारी ब्राउझर आपली ओळख मॅक संगणक अशी सांगतो. त्यामुळे बरेच आयपॅड डेस्कटॉपच्या ओळीत जाऊन बसतात. दुसरीकडे, फोनवर पाहून लॅपटॉपवर ऑर्डर देणारा एकच माणूस, लॉग-इन वगैरे नसेल तर, दोन वापरकर्ते म्हणून मोजला जातो.

वयाच्या अहवालात आणखी एक गाळणी लागते. ॲनालिटिक्स कुणाला वय विचारत नाही. गूगल सिग्नल्स ही सोय चालू केली, की गूगल खात्यात लॉग-इन असलेल्या आणि आवडीनुसार जाहिरातींना परवानगी दिलेल्या लोकांचीच वयाची माहिती मिळते. बाकीचे ‘unknown’ मध्ये. आपल्या बागायतदाराला ३१२ पैकी ५८ जणांचं वय कळलं आणि त्यांतले २२ जण २५ ते ३४ या गटात निघाले. ‘आपले ३८ टक्के ग्राहक तरुण’ हे वाक्य इथूनच जन्माला येतं. एक तर हे ग्राहक नव्हेत, नुसते पाहुणे. शिवाय ५८ माणसांवरचा ३८ हा आकडा दोन्ही बाजूंना १२-१३ टक्क्यांनी हलू शकतो. खरा आकडा २५ पासून ५१ पर्यंत कुठेही असेल. हा हिशेबसुद्धा ५८ जण चिठ्ठ्या टाकून निवडले असते तरच लागू. ते तसे निवडलेले नाहीत, आणि ही उणीव संख्या वाढवूनही जात नाही.

ओळखी उघड होऊ नयेत म्हणून ॲनालिटिक्स अगदी लहान गटांच्या ओळी लपवतं. मग वयोगटांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही, आणि आजोबा-आजी साइटवर येतच नाहीत असा समज होतो. तक्त्याच्या वर इशाऱ्याचं चिन्ह दिसलं, तर हेच घडलेलं असू शकतं.

उपाय कंटाळवाणे आहेत. सहा वयोगटांऐवजी ‘पस्तिशीच्या आत’ आणि ‘पुढे’ असे दोनच करायचे, टॅबलेट आणि डेस्कटॉप एकत्र वाचायचे, आणि महिन्याऐवजी लांबचा काळ घ्यायचा. आंब्याच्या धंद्यात लांबचा काळ म्हणजे मागचा हंगाम, कारण ऑगस्टचे पाहुणे जोडून काही कळत नाही. त्यासाठी एक सेटिंग आजच बदलावं: सविस्तर विश्लेषणासाठी माहिती मुळात २ महिनेच ठेवली जाते, ती १४ महिन्यांवर नेता येते. जमाव शंभराचा असेल तर चूक साधारण १० टक्क्यांची धरावी, चारशेंचा असेल तर ५ ची. चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात. आणि दोन हंगाम जोडूनही टॅबलेटच्या ओळीत वीसच जण असले, तर जाहिरातीचा निर्णय त्या ओळीवरून घेऊ नये. पेटी मागवणाऱ्या अठ्ठावीसएक जणांना फोन करून ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ असं विचारणं सोपं पडेल.