बोट कानशिलाकडे गेलं तर

चार-पाच वर्षांचं मूल मध्यरात्री रडत उठतं आणि ‘डोकं दुखतंय’ म्हणतं. दोन-तीन दिवस सर्दी आहे, पण संध्याकाळी ते नीट खेळलं होतं. अशा वेळी त्याला म्हणावं, ‘कुठं दुखतं ते एका बोटानं दाखव.’ बोट कानाच्या वर, कानशिलाकडे गेलं तर आधी कानाचा संशय घ्यावा. कानाचा पडदा आणि कानशिलाची त्वचा यांच्या संवेदना एकाच मज्जातंतूतून जातात, त्यामुळे कानातला ठणका मुलाला डोक्यात जाणवतो.

नाकाच्या मागून मधल्या कानाकडे जाणारी नळी मुलांमध्ये आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद झाली की आत पाणी साठतं, जंतू वाढतात, पडदा ताणला जातो. आडवं झाल्यावर ठणका वाढतो. म्हणून मुलाला उचलून खांद्याशी उभं धरलं आणि रडणं ओसरलं, तर कानाबद्दलचा संशय पक्का होतो. न बोलणारं बाळ दूध पिताना मध्येच तोंड काढून रडतं. नुसतं कान ओढणं मात्र पुरेसा पुरावा नाही; ताप नसलेली, खुशीत असलेली बाळंही कान ओढतात.

रात्रीपुरतं वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावं, दर किलोला 15 मिलिग्रॅम. सोळा किलोच्या मुलाला 240 मिलिग्रॅम होतात. दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तास जाऊ द्यावेत आणि दिवसाला चारपेक्षा जास्त डोस देऊ नयेत. बाटल्यांची तीव्रता वेगवेगळी असते, तेव्हा लेबल वाचूनच मिली मोजावेत. कोमट तेल घालण्याचा मोह कृपा करून आवरा. पडदा फुटला असेल तर ते थेट आत जातं. पडदा फुटल्यावर कानातून पू येतो आणि दुखणं एकदम थांबतं. तरीही सकाळी डॉक्टरांकडे जायलाच हवं.

घशाचं दुखणं वेगळं वागतं. टॉन्सिल सुजले की गिळताना कळ कानात जाते. जिवाणूंमुळे घसा आला असेल तर खोकला-सर्दी फारशी नसताना एकाएकी ताप चढतो, कपाळ दुखतं, पोटही दुखतं, उलटी होते. बहुधा ताप उतरला की डोकं हलकं होतं. डॉक्टरांनी यावर प्रतिजैविक दिलं तर बरं वाटल्यावरही ते पूर्ण संपवावं, कारण अर्धवट उपचारानंतर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू शकतात.

आता ज्यासाठी सकाळची वाट पाहू नये ते. रोज कानामागे बोट फिरवून बघा. तिथलं हाड लाल, सुजलेलं, हात लावू न देणारं असेल, कान पुढे ढकलल्यासारखा दिसत असेल, तर संसर्ग हाडात शिरलेला असू शकतो. घशाच्या गाठींमुळे मान वळवताना दुखतं, पण मूल मांडीवरचं खेळणं बघायला मान खाली वाकवू शकतं. तेवढंही जमत नसेल, उजेड सहन होत नसेल, उलट्या थांबत नसतील, हाक मारूनही ते गुंगीतच असेल, किंवा तोंड उघडत नसून लाळ गळत असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावं.