नावाची किंमत कोणाच्या खात्यात?

निफाड तालुक्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी एक कृषी सेवा केंद्र आहे असं धरू. दोन भागीदार. थोरल्यांना सगळे नाना म्हणतात, धाकट्यांना बापू. ऑक्टोबरची छाटणी झाली की द्राक्षबागायतदार पान घेऊन दुकानात येतो. नाना ते पान उलटं करून उजेडात धरतात, खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली की म्हणतात, ‘डाऊनी आहे, आजच फवारणी घ्या.’ तीच औषधं शेजारच्या दुकानातही मिळतात, किंमतही जवळपास तीच. तरी शेतकरी इथेच येतो.

या ‘इथेच येतो’ला पैशांत किंमत आहे. बाजारात तिला गुडविल म्हणतात, बारावीच्या पुस्तपालनाच्या पुस्तकात ख्याती. ती कपाटात नसते, गोदामात नसते, साठ्याच्या यादीतही नसते. दुकान रोज चालू असतं तोवर तिचा हिशेब करण्याची गरजही पडत नाही. गरज पडते ती नवा भागीदार दारात उभा राहतो तेव्हा.

समजा, बापूंचा भाचा संकेत कृषी पदवीधर होऊन आला आहे. त्याला नफ्यात २० टक्के वाटा देऊन भागीदार करायचं ठरलं. १९३२च्या भागीदारी कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे त्याला सगळ्या जुन्या भागीदारांची संमती लागते, आणि ती इथे आहे. संकेत भांडवल म्हणून ५ लाख रुपये आणणार आहे. पण प्रश्न असा की, आल्या दिवसापासून तो ज्या गिऱ्हाइकांच्या जोरावर नफा घेणार, ती गिऱ्हाइकं जोडायला त्याने काहीच केलेलं नाही. भांडवलाच्या ५ लाखांत त्याची भरपाई येत नाही, कारण भांडवल त्याचंच राहतं, त्याच्याच खात्यावर जमा होतं. ख्यातीचे पैसे वेगळे द्यावे लागतात, आणि ते दुकानाला नव्हे तर जुन्या भागीदारांना मिळतात.

आधी एकूण ख्याती किती ते काढू. मागच्या तीन वर्षांचा नफा ११ लाख ४० हजार, १४ लाख ४० हजार आणि १२ लाख ६० हजार आहे. मधलं वर्ष डोळ्यांत भरतं. खतावणी उघडली की कळतं, त्या वर्षी दुकानाच्या मालकीचा एक जुना भूखंड विकून २ लाख ४० हजार मिळाले होते आणि ते नफ्यात धरले गेले. भूखंड पुन्हा विकला जाणार नाही, म्हणून ही रक्कम वजा करायची. त्या वर्षाचा खरा नफा १२ लाख, आणि तिन्ही वर्षांची सरासरीही १२ लाख.

हे १२ लाख सगळे ख्यातीचे नाहीत. नाना आणि बापू दिवसभर दुकानात राबतात आणि वेगळा पगार घेत नाहीत. तेवढ्याच कामाला बाहेरचे दोन जाणकार ठेवले असते तर दरमहा प्रत्येकी २५ हजार, म्हणजे वर्षाला ६ लाख गेले असते. उरले ६ लाख. दोघांचं मिळून २५ लाख भांडवल दुकानात अडकलं आहे. अशा धंद्यात त्यावर १२ टक्के परतावा रास्त धरला तर ते झाले ३ लाख. उरलेले ३ लाख मात्र केवळ मेहनत आणि पैसा यांच्या बळावर मिळालेले नाहीत. त्यालाच अधिनफा म्हणतात. तो नवागताला किती वर्षं पुरेल, तितक्या पटीने ख्याती धरतात. इथे तिघांनी तीन वर्षं मान्य केली, म्हणून ख्याती ९ लाख.

भूखंडाचे पैसे वजा केले नसते तर सरासरी १२ लाख ८० हजार आली असती, अधिनफा ३ लाख ८० हजार, आणि ख्याती ११ लाख ४० हजार. संकेतला २० टक्क्यांच्या हिशेबाने ४८ हजार रुपये उगाच जास्त द्यावे लागले असते.

तीन वर्षांचा पट हा काही नियम नाही, ती घासाघीस आहे, आणि ती कशावरून करायची हे पाहून ठरवावं. शेतकरी दुकानाच्या नावावर येतो की नानांच्या नजरेवर, हे त्यातलं पहिलं. नाना दोन वर्षांत थांबणार असतील आणि पान ओळखायला दुसरं कोणी तयार नसेल, तर तीन वर्षांचा पट धरणं संकेतवर अन्याय होईल. दुसरं म्हणजे उधारी. बागायतदाराचे पैसे द्राक्ष विकली गेली की येतात. म्हणून उधारीची वही तारखांनुसार लावून बघावी. दोन हंगाम उलटूनही वसूल न झालेली रक्कम मोठी असेल, तर मागचा नफा कागदावरचाच होता. ती बुडीत उधारी जुन्या भागीदारांनी आपल्या प्रमाणात सोसायची आणि नफ्याचे आकडे सुधारून ख्याती पुन्हा काढायची. आपल्या उदाहरणात उधारी स्वच्छ आहे असं धरू.

९ लाखांचे २० टक्के म्हणजे १ लाख ८० हजार. संकेत भांडवलाचे ५ लाख आणि हे १ लाख ८० हजार, असे ६ लाख ८० हजार बँकेत भरतो. आणि इथेच वादाला तोंड फुटतं.

बापू म्हणतात, ‘नाना, आपण नफा साठ-चाळीस वाटत आलो. हे पैसेही साठ-चाळीस वाटू.’

ऐकायला रास्त वाटतं. पण बैठकीत काय ठरलं होतं ते आठवायला हवं. नानांचं वय झालं, त्यांनी आपला वाटा ६० वरून ४५ टक्क्यांवर आणला. बापूंचा ४० वरून ३५ वर आला. संकेतचे २० टक्के आकाशातून पडलेले नाहीत. त्यातले १५ नानांनी सोडले आणि ५ बापूंनी. ख्यातीचे पैसे म्हणजे सोडलेल्या नफ्याची भरपाई. म्हणून ती जुन्या वाटणीप्रमाणे न देता, ज्याने जितकं सोडलं तितक्या प्रमाणात द्यायची. पुस्तकात याला त्यागाचं प्रमाण म्हणतात. इथे ते तीनास एक आहे. नानांना १ लाख ३५ हजार, बापूंना ४५ हजार. साठ-चाळीस वाटले असते तर नानांना १ लाख ८ हजारच मिळाले असते. नानांचे २७ हजार बापूंकडे गेले असते, आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

दोघांनीही जुन्या प्रमाणातच वाटा सोडला असता, म्हणजे नानांनी १२ आणि बापूंनी ८ टक्के, तर साठ-चाळीस बरोबर ठरलं असतं. घोटाळा याच योगायोगामुळे होतो. बऱ्याच ठिकाणी दोन्ही प्रमाणं एकच निघतात, मग तेच नियम असल्यासारखं वाटू लागतं.

आता वहीतली नोंद. बँक खाते ६ लाख ८० हजारांनी नावे. त्यासमोर संकेतच्या भांडवल खात्यावर ५ लाख आणि ख्याती अधिमूल्य खात्यावर १ लाख ८० हजार जमा. मग ख्याती अधिमूल्य खाते नावे करून नानांच्या भांडवल खात्यावर १ लाख ३५ हजार आणि बापूंच्या खात्यावर ४५ हजार जमा. ख्यातीचं खातं तिथेच मिटतं. दोघांनी हे पैसे उचलायचे की दुकानात ठेवायचे, ते त्यांचं ते ठरवतात. संकेतने त्यांच्या हातात परस्पर पैसे दिले असते तर दुकानाच्या वहीत नोंदच झाली नसती. तसं करायचं असेल तर भागीदारीच्या करारपत्रात रक्कम लिहून सही तरी घ्यावी.

संकेतकडे वरचे १ लाख ८० हजार नसतील तर? तेवढी रक्कम त्याच्या चालू खात्यावर नावे टाकायची आणि नाना-बापूंना त्याच प्रमाणात जमा द्यायची. पुढच्या नफ्यातून ती फिटते.

काही ठिकाणी मात्र तिसराच मार्ग काढतात. पैसे कोणीच देत नाही. ताळेबंदात ‘ख्याती ९ लाख’ अशी मालमत्ता उभी करतात आणि नानांच्या खात्यावर ५ लाख ४० हजार, बापूंच्या खात्यावर ३ लाख ६० हजार जमा करतात. दुकान एका रात्रीत ९ लाखांनी श्रीमंत दिसतं. भारतीय लेखा मानक २६ प्रमाणे स्वतः कमावलेली ख्याती मालमत्ता म्हणून दाखवायची नसते. जिच्यासाठी पैसे मोजले तीच दाखवता येते. कारण तिचा खर्च विश्वासाने मोजता येत नाही, आणि ती दुकानापासून वेगळी काढून विकताही येत नाही.

संकेतसाठी यातला धोका अगदी रोकडा आहे. करारात भांडवलावर १२ टक्के व्याज द्यायचं ठरलं असेल, तर फुगवलेल्या ९ लाखांवर दरवर्षी १ लाख ८ हजार व्याज आधी नाना-बापूंना जातं आणि मगच नफा वाटला जातो. संकेतच्या २० टक्क्यांतून दरसाल २१ हजार ६०० रुपये कमी होतात. नवागताने म्हणूनच शेवटचा ताळेबंद हातात घेऊन आधी ‘ख्याती’ ही ओळ शोधावी. जुन्या ताळेबंदात ती पूर्वीच उभी असेल तर त्याच्या प्रवेशाआधी जुन्या भागीदारांनी आपल्या जुन्या प्रमाणात ती खोडून टाकायला हवी.

खोडून टाकल्यावर हिशेब कुठे येतो ते पाहण्यासारखं आहे. उभी केलेली ९ लाखांची ख्याती नव्या ४५, ३५, २० या प्रमाणात खोडली तर नानांचे ४ लाख ५ हजार, बापूंचे ३ लाख १५ हजार आणि संकेतचे १ लाख ८० हजार वजा होतात. नानांना आधी ५ लाख ४० हजार मिळाले होते, निव्वळ उरले १ लाख ३५ हजार. बापूंना उरले ४५ हजार. संकेतचे गेले १ लाख ८० हजार. वाट लांबची असली तरी आकडा तोच, कारण दोन्हीकडे मोजलं जातं ते एकच: कोणी किती सोडलं.

एक गोष्ट या बैठकीतच लिहून ठेवायला हवी. उद्या नाना निवृत्त होतील तेव्हा त्यांच्या ४५ टक्क्यांची ख्याती बापू आणि संकेत यांनी द्यायची असते, दोघं त्यांचा वाटा ज्या प्रमाणात घेतील त्या प्रमाणात. त्या दिवशी नाना पाच वर्षांचा पट मागतील, संकेत एकच म्हणेल. म्हणून किती वर्षांचा सरासरी नफा धरायचा, कष्टाचा मोबदला किती वजा करायचा, परतावा कोणत्या दराने आणि पट किती, हे प्रवेशाच्या करारपत्रातच घालावं, आणि त्याच ओळींनी निवृत्तीचाही हिशेब होईल असं लिहावं. आज १ लाख ८० हजार देताना संकेतला जो हिशेब मान्य होता, तोच नाना निघताना त्याला मान्य करावा लागेल.